बॅटरी बदलून घ्या म्हणे!

"बॅटरी चेंज करून घ्या सर, सेव्ह होईल." गेमचं सेव्ह उडाल्याची तक्रार केली, तर साडेसात हजार रुपये खिशात घालून वर विक्रेत्याचं हे उत्तर. आणि शेवटी हात जोडलेला इमोजी. खरं सांगायचं तर डोकं त्या इमोजीनेच फिरलं, नाहीतर मी तसा शांत माणूस आहे. (नाहीये. पण चालू द्या.)

पोकेमॉन एमराल्ड, गेमबॉय अॅडव्हान्सची कॅसेट. जाहिरातीत "100% ओरिजिनल, टेस्टेड, वर्किंग". कॅसेट आली, लावली, चालली. रोज रात्री जेवणं आटोपली की बसायचो. जिम झाले, एलीट फोर झाले, चॅम्पियनला लोळवला, हॉल ऑफ फेममध्ये माझ्या स्वॅम्पर्टचं नाव झळकलं, नामावली सरकून संपली. बंद करून पुन्हा सुरू करतो तर मेनूत CONTINUE गायब. फक्त NEW GAME आणि OPTION. म्हणजे जा, पुन्हा पहिल्या गावापासून ट्रकमधून उतर.

आणि हा दीडशहाणा मला बॅटरी शिकवतोय! अरे बाबा, एमराल्डमध्ये बॅटरीचा आणि सेव्हचा काडीचा संबंध नाही. पोकेमॉनच्या आधीच्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये होता, तिथे CR2025 मेली की सेव्ह गेलं, मान्य. एमराल्डमधली CR1616 फक्त घड्याळ चालवते, बेरीची झाडं वाढवायला. ती संपली की गेम सुरू होताना स्वतःच सांगतो, The internal battery has run dry, आणि लगेच हेही सांगतो की गेम खेळता येईल. मला तो संदेश पहिल्या दिवसापासून दिसत होता. वीस वर्षांची कॅसेट, बॅटरी संपलेलीच असणार, त्यात काय?

सेव्ह राहतं ते फ्लॅश चिपवर, तिथे ते टिकायला वीज लागतच नाही. अस्सल एमराल्डमध्ये ही चिप 128 केबीची असते. गेम आळीपाळीने दोन कप्प्यांत सेव्ह लिहितो आणि हॉल ऑफ फेमची नोंद त्या दोन्हींच्या पुढच्या जागेत जाते. नकली कॅसेटवाले स्वस्तातली छोटी चिप टाकतात, नाहीतर गेममध्येच काहीतरी खाडाखोड करून काम भागवतात. रोजचं सेव्ह बिनबोभाट होत राहतं, आणि नेमकं चॅम्पियन झाल्यावर, जेव्हा पुढच्या जागेत लिहायची वेळ येते, तेव्हा सगळं एकमेकांच्या अंगावर पडतं. फसवणुकीचं टायमिंग बघा! विक्रेत्याची परत घ्यायची मुदत तोवर उलटलेली.

तीन पात्यांचा स्क्रूड्रायव्हर आणून कॅसेट उघडली. म्हटलं, चला, बदलूया बॅटरी. आत बॅटरीच नाही! कुठली बदलू? घड्याळाची? रिमोटची? अस्सल एमराल्डच्या हिरव्या पारदर्शक प्लास्टिकमधून ती गोल बॅटरी बाहेरूनही दिसते. इथे तिच्या जागी मोकळी जागा आणि चिपच्या नावाने काळ्या डांबरासारखा एक गोळा. पिनांच्या वर बोर्डावर Nintendo छापलेलं असायला हवं, ते नाही. लेबलवर उजेडात तिरपं धरून बघितलं की दोन आकडे दाबलेले दिसतात, तेही नाहीत. म्हणजे कुणीतरी नेटवरून रॉम, म्हणजे कॅसेटमधल्या गेमची फाइल, उतरवला, चिपवर चढवला, वर चकचकीत स्टिकर चिकटवला आणि मला विकला. फुकटचा डाउनलोड, साडेसात हजारांना.

मग हे रडगाणं मित्रांच्या ग्रुपवर गायलो, तर तिथले वकील जागे झाले. "अरे कशाला पैसे घालवतोस, रॉम उतरव ना. तुझ्याकडे कॅसेट आहे, मग लीगल आहे." दुसरा म्हणतो, "चोवीस तासांत डिलीट केलं की चालतं." कुठल्या कायद्यात आहेत रे हे चोवीस तास? रॉमच्या वेबसाइट्सनी अंग झाकायला पानाच्या तळाशी लिहिलेलं वाक्य, ते लोक वेदवाक्यासारखं घोकतात.

आपला 1957 चा कॉपीराइट कायदा काढून कलम 52 वाचा एकदा. कॉम्प्युटर प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे, त्याला हरवण्या-बिघडण्यापासून जपायला बॅकअप काढता येतो. पण कुठून? त्याच प्रतीवरून! स्वतःच्या कॅसेटवरून. कुठल्या तरी अनोळखी माणसाने त्याच्या कॅसेटवरून काढून सर्व्हरवर टाकलेल्या फाइलवरून नव्हे, भले दोन्हींतला एकेक बिट सारखा असो. असे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे इम्युलेटर, हा वेगळा विषय आहे, तो गुन्हा नव्हेच. अमेरिकेत प्लेस्टेशनचा इम्युलेटर काढणाऱ्या कनेक्टिक्सला सोनीने कोर्टात खेचलं, तेव्हा 2000 साली अपिलात सोनीच हरली. पण इम्युलेटर लीगल म्हणून रॉमही लीगल, असं ठासून सांगणाऱ्यांशी वाद घालायचं मी सोडलंय. (नाही सोडलं. काल रात्री दीडपर्यंत घालत होतो.)

आणि माझी गंमत बघा. माझी कॅसेटच चोरीची प्रत. म्हणजे तिच्यावरून बॅकअप काढायची सवलतही मला नाही. पैसे मोजून मी फुकट्यांच्याच रांगेत, वर सेव्हही गेलं. बरं, अस्सल सेकंडहँड घेतली असती तरी मूळ कंपनीला त्यातला एक पैसा मिळाला नसता, हेही ग्रुपवरच्या एकाने ऐकवलं. बरोबर आहे त्याचं. म्हणूनच जास्त राग आला.

अस्सलपणाचा एवढा पुळका मला यावा, हेही एक नवलच. लहानपणी आमच्या घरी जो व्हिडिओ गेम होता, तो मुळात निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल. त्यात घातलेली पिवळी 9999 इन 1 कॅसेट, तीही चोरीची. 9999 मधले खरे गेम मूठभर, बाकी तेच मारिओ आणि काँट्रा वेगळ्या लेव्हलपासून सुरू केलेले. तेव्हा कुणाला विचारलं होतं मी, बोर्डावर नाव छापलंय का म्हणून? आणि ती कॅसेट चालेना की फुंकर मारायची. अजूनही लोक मारतात! फुंकरीतला ओलावा पिनांवर बसतो आणि पिना गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायचा बड, एवढंच लागतं. पण ऐकतो कोण.

तर आता माझ्याकडे जी एक खरी कॅसेट उरलीय, पोकेमॉन लीफग्रीन, तिच्यातला गेम मी स्वतः फाइलमध्ये उतरवला. यूएसबीला लावायचा छोटा रीडर मिळतो, त्यासाठी कॉम्प्युटरवर FlashGBX नावाचा प्रोग्रॅम चालवायचा. कॅसेट घालण्याआधी पिना पुसा, नाहीतर वाचन चुकतं. 16 एमबीची फाइल निघते. तिचा चेकसम माहीत असलेल्या अस्सल प्रतीशी जुळला की समजायचं वाचन नीट झालं. दोनदा काढून दोन्ही फाइली एकमेकींशी ताडल्या की पिनांवर फारशी शंका राहत नाही. गेमबॉय अॅडव्हान्सच्या कॅसेटला कुलूपबिलूप काही नसतं, त्यामुळे काही फोडावंही लागत नाही. सेव्हची फाइलही वेगळी काढून ठेवली.

हे सगळं मी ग्रुपवर कौतुकाने टाकलं, कलमासकट. तर त्या पहिल्याच वकिलाचा दोन मिनिटांत मेसेज: "भारी रे! फाइल पाठव ना."