गल्ल्यात आठशे कमी होते

आज रात्री सलूनचं शटर अर्धं खाली ओढलं होतं आणि काउंटरवरची नवी मुलगी स्वतःच्या पर्समधून आठशे काढून गल्ल्यात ठेवत होती. मी बघितलं. म्हणाली, "मॅडम, कमी येत होते, मी टाकले. आता जुळतंय."

डोकंच सटकलं माझं. तिच्यावर नाही. आधीच्या ज्या मालकाने तिला ही सवय लावली त्याच्यावर. आणि खरं सांगायचं तर स्वतःवर, कारण काही वर्षांपूर्वी मी हेच केलंय. सातशे कमी आले म्हणून एका मुलीच्या पगारातून कापले. तिला चोर म्हटलं नाही, पण सगळ्यांसमोर नोटा दोनदा मोजल्या. तेवढं पुरतं.

असो. तिचे आठशे परत दिले आणि आम्ही दोघी बसलो.

दिवसाची बिलं २४,६०० ची. सॉफ्टवेअर म्हणतं रोख ९,४००, कार्ड ६,२००, क्यूआर ९,०००. सकाळी सुट्ट्यांसाठी २,००० ठेवले होते, टॉवेल धुणाऱ्याला ३५० दिले त्याची चिठ्ठी होती. म्हणजे गल्ल्यात ११,०५० हवेत. होते १०,२५०.

इथे सगळे थांबतात आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मीही त्या वेळी इथेच थांबले होते. क्यूआरचं अ‍ॅप उघडून आजची बेरीज बघायची अक्कल मला नव्हती. आज बघितली तर ९,५००. तिकडे पाचशे जास्त! रोख कमी आणि क्यूआर जास्त, असं एकाच दिवशी दिसलं की बहुतेक वेळा पैसे कुठे गेलेले नसतात, चुकीच्या रकान्यात बसलेले असतात.

मग अ‍ॅपमधली एकेक नोंद बिलाशी लावत गेलो. दुपारी ३५० आलेले, पण क्यूआरचं तसं बिलच नाही. त्याच वेळचं ३५० चं एक बिल रोख म्हणून टाकलेलं. गर्दीत बोट चुकलं, संपलं. पुढे एक नोंद १,३५० ची, बिल १,२०० चं. वरचे दीडशे म्हणजे टिप. कस्टमरने क्यूआरवर टिप दिली आणि स्टायलिस्टने तेवढी रोख गल्ल्यातून उचलली. चूक तिची नाही, हक्काचेच पैसे ते. फक्त कुणी लिहून ठेवलं नाही.

माझ्या त्या सातशेतले निदान पाचशे असेच टिपचे होते. तीन महिन्यांनी जुन्या नोंदी चाळताना कळलं. तोवर ती सोडून गेली होती.

आजचे उरलेले तीनशे? संध्याकाळी रंगाची ट्यूब संपली, कुणीतरी गल्ल्यातून पैसे घेऊन आणायला पळालं, चिठ्ठी नाही. विचारल्यावर लगेच आठवलं. ३५०, १५०, ३००. झाले आठशे.

आता बघा, तिने घातलेले आठशे तसेच राहिले असते तर गल्ला जुळला असता आणि वही बिघडली असती. क्यूआरमधले पाचशे महिनाअखेरीला कुठले म्हणून सांगणार होते मी?

(कार्डाचं मात्र मशीनच्या दिवसाअखेरच्या स्लिपशीच जुळवा, बँकेत जमा झालेल्या रकमेशी नाही. बँक कमिशन कापून, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी देते. ते वेगळं खातं आहे.)

हो, चोऱ्या होतात. माहितीये, नका सांगू. पण मुरलेला चोर गल्ला कमी ठेवून जात नाही हो! तो रोख घेतो आणि बिलच रद्द करतो. मग सगळं कसं पैशाला पैसा जुळतं. म्हणून संशय घ्यायचाच असेल तर रद्द बिलांची यादी काढा, किती वाजता आणि कुणाच्या लॉगिनने रद्द झाली ते बघा. कमी पडलेला गल्ला समोर ठेवून उभ्या राहिलेल्या मुलीवर कसला डोळा ठेवता?

उद्यापासून काउंटरवर टिपची वही. क्यूआरवर टिप आली की रक्कम लिहायची, रोख उचलणाऱ्याने सही करायची. आणि नोटा आधी मोजायच्या, आकडा लिहायचा, मगच स्क्रीन बघायची. आधी स्क्रीन बघितली की हात आपोआप तेवढेच मोजतो.

निघताना ती म्हणाली, "आधीच्या ठिकाणी महिन्याला दोन-तीनदा भरावे लागायचे." मी काही बोलले नाही. घरी येऊन त्या जुन्या मुलीचा नंबर शोधला. अजून आहे माझ्याकडे. सातशे पाठवायचे म्हणून अ‍ॅप उघडलं, आणि सोबत काय लिहायचं ते तासाभरापासून सुचत नाहीये.