दोनशे पंच्याऐंशीचे एकसष्ट

ऑनलाइन कुर्ते विकतो असं सांगितलं की समोरचा माणूस पहिल्यांदा खरेदीचा भाव विचारतो, मग विक्रीचा, आणि मनातल्या मनात वजाबाकी करून आपल्याकडे असं बघतो की आता चहाचे पैसे आपणच द्यायचे. दोनशे चाळीसला घेतला, सव्वापाचशेला विकला, म्हणजे नगामागे दोनशे पंच्याऐंशी! मी वाद घालत नाही. चहाचे पैसे देतो. पण ते दोनशे पंच्याऐंशी वाटेत कुठे कुठे उतरून जातात ते एकदा लिहून ठेवलेलं बरं.

सगळ्यात आधी सरकार. ५२५ रुपयांत ५ टक्के जीएसटी धरलेलाच असतो, म्हणून आपली विक्री खरं तर ५०० रुपयांची. यातले २५ आपले नव्हतेच. आपण फक्त हमाली केली. कुर्त्याचे २४० हे खरेदीवरचा जीएसटी वगळून आहेत, कारण तो वळता करून घेता येतो.

मग ज्याच्या ऑनलाइन दुकानात आपण बसलो तो. कमिशन, समजा, १२ टक्के. नवखा माणूस ते ५०० वर काढतो. बहुतेक ठिकाणी ते ग्राहकाने मोजलेल्या पूर्ण ५२५ वर लागतं, म्हणजे ६३ रुपये. आपण ज्या करातला पैसाही शिवत नाही, त्यावरही कमिशन. ऑर्डरमागे ठरलेला आकार २० रुपये, पैसे गोळा करून देण्याचे २ टक्के म्हणजे साडेदहा, पोचवणावळ ६०. बेरीज १५३ रुपये ५० पैसे. यावर वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी साडेसत्तावीस. नोंदणी असेल तर हा परत वळता होतो, तोवर नुसता अडकून बसतो. नोंदणी नसेल तर तो सरळ खर्चात लिहायचा आणि पाणी प्यायचं. टीसीएस अर्धा टक्का आणि टीडीएस ०.१ टक्का कापलेला दिसतो, त्यावर मात्र कपाळावर हात मारायचं कारण नाही. तो खर्च नव्हे, आपल्याच नावावर जमा झालेला कर आहे. फक्त टीसीएस जीएसटीच्या पोर्टलवर आणि टीडीएस प्राप्तिकराच्या विवरणपत्रात आठवणीने मागायचा असतो.

पिशवी, लेबल, बिलाचा कागद, चिकटपट्टी, आतली पारदर्शक पिशवी मिळून साडेअकरा रुपये. तर ५०० मधून २४०, १५३.५० आणि ११.५० गेले. उरले ९५.

इथे पिशवीबद्दल थांबायला हवं, कारण घात तिथेच होतो. कुर्ता भरतो अडीचशे ग्रॅम, आणि आपण खुशाल अर्ध्या किलोचा दर धरतो. पण कुरिअरवाला काट्यावर जितका विश्वास ठेवतो तितकाच टेपवरही ठेवतो. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायची, हा बऱ्याच ठिकाणचा हिशेब. जे वजन जास्त येईल त्याचे पैसे. ३० बाय २५ ची पिशवी ३ सेंटिमीटर जाड असेल तर ०.४५ किलो, सुटलो. तीच घाईत कोंबली आणि मध्ये ४ सेंटिमीटर फुगली की ०.६ किलो, पुढचा टप्पा, वीसेक रुपये जास्त. एका सेंटिमीटरची हवा वीस रुपयांना! आणि "ब्रँड वाटावा" म्हणून १० सेंटिमीटर उंच खोका घेतला, तर अडीचशे ग्रॅमचा कुर्ता दीड किलोचा होऊन प्रवासाला निघतो. म्हणून माप रिकाम्या पिशवीचं घ्यायचं नाही. भरून, बंद करून, तळहाताने दाबून हवा काढायची आणि पोटावर टेप लावायचा. माणसाचं काय आणि पिशवीचं काय, जाडी पोटावरच मोजतात.

तर ९५. पण हे ९५ फक्त त्या कुर्त्याचे, जो ग्राहकाने ठेवून घेतला.

शंभर पाठवले तर, धरून चालू, ८ दारातूनच परतले. कुणी घरी नव्हतं, कुणी "मी मागवलंच नाही" म्हणालं, कुणाच्या सासूबाईंनी पार्सल बघितलं. या प्रकारात बहुधा पोचवणावळ लागत नाही. वाया गेलेली पिशवी आणि पुन्हा इस्त्री मिळून २० रुपये, आठांचे १६०. सोसण्यासारखं आहे.

खरं दुखणं उघडून परत आलेल्यांचं. असे १२ समजा. कमिशन आणि आकार परत मिळाले, पण जातानाचे ६० गेले, येतानाचे ९० लागले, पिशवी साडेअकरा, इस्त्री आणि नवा टॅग साडेतेरा. एका कुर्त्याचे १७५, बारांचे २१००. त्यातले तीन पुन्हा विकण्यासारखे नसतात. नवरात्रानंतर तर हे हमखास. पिवळ्या रंगाचा दिवस संपला की पिवळा कुर्ता "साइज लहान" म्हणून घरी येतो. काखेत अत्तर, गळ्याशी कुंकवाचं बोट, आणि टॅग आपण गुंफला होता त्याहून वेगळ्या गाठीने बांधलेला. अंगावर न चढताच हे सगळं झालेलं असतं! असे तीन ढिगात नव्वदने विकले, तर प्रत्येकी दीडशेचा खड्डा, म्हणजे ४५०. टॅग मागे मानेशी न लावता समोर छातीवर, मोठा आणि एकदाच बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या लूपने लावला की तो तसाच ठेवून गरब्याला जाता येत नाही. परतीचं पार्सल उघडताना लेबलापासून शेवटपर्यंत न थांबता व्हिडिओ काढायचा. भरपाईच्या दाव्यात तोच बोलतो.

आता ८० ठेवले गेले, गुणिले ९५, म्हणजे ७६००. त्यातून १६०, २१०० आणि ४५० वजा. उरले ४८९०. भागायचं ८० ने, शंभराने नव्हे, कारण विकले गेले तेवढेच. एकसष्ट रुपये. जाहिरातीचा खर्च यातून अजून काढलेला नाही, आणि तो चहाही.

हा हिशेब महिन्यावारी करायला गेलं की आणखी गंमत. ऑक्टोबरची विक्री ऑक्टोबरात दिसते, तिची परत नोव्हेंबरात. ऑक्टोबरात आपण शेठ, नोव्हेंबरात कर्जबाजारी, आणि दोन्ही खोटं. म्हणून पाठवल्याच्या तारखेने शंभराची तुकडी धरायची, ऑर्डर क्रमांकाने जमा झालेल्या रकमेशी जुळवायची, आणि दीडेक महिना गेल्याशिवाय तिच्यावर नफ्याचा आकडा लिहायचा नाही.

एक उघडून परत आलेला कुर्ता, न विकण्यासारख्यांचा वाटा धरून, दोनशे साडेबारा खातो. म्हणजे ठेवून घेतलेल्या सव्वादोन कुर्त्यांचे ९५-९५ रुपये. याच आकड्यांवर अशा परती शंभरात अठ्ठावीसला टेकल्या की नफा शून्य. आपण निव्वळ देशभर कपडे फिरवून आणतो.

त्यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे किंमत वाढवणं. ५२५ चे ५४६ केले तर २१ मधला एक कर, तीनेक कमिशन आणि वसुली, हाती सतरा. ऐंशी कुर्त्यांचे साडेतेराशेच्या आसपास, तेही ग्राहक पळाला नाही तर. उलट बाराच्या आठ परती झाल्या तर टळलेला खर्च आणि ठेवून घेतलेल्या चार कुर्त्यांचे ९५-९५ मिळून १२३० रुपये वाढतात, किंमत तीच ठेवून. त्यासाठी मापाचा तक्ता फक्त नीट हवा. कारखान्याने छापलेला एल, एक्सएल उतरवून काढायचा नाही. कुर्ता सपाट पसरायचा, एका काखेपासून दुसरीपर्यंत टेप धरायचा, दुप्पट करायचं आणि "कपड्याची छाती" असं लिहायचं, अंगाची नव्हे. प्रत्येक गठ्ठ्यातले पाचेक नग मोजायचे, कारण एकाच गठ्ठ्यातल्या दोन एलमध्ये इंचाचा फरक सहज निघतो, आणि त्यातला लहान एल नेमका त्याच बाईंना जातो ज्या गेल्या वेळी एक स्टार देऊन गेल्या होत्या.