मोदकाच्या व्हिडिओचं स्क्रिप्ट आधी घड्याळासाठी लिहा, मग कॅमेऱ्यासाठी

गणपती जवळ आले की उकडीच्या मोदकांच्या व्हिडिओंचा पूर येतो. त्यातले बरेचसे बघून मोदक येत नाहीत, आणि त्याचं खापर आपण पिठीवर फोडतो. माझं मत वेगळं आहे. दोष बहुतेक वेळा स्क्रिप्टमध्ये असतो. कुठला शॉट कितीचा, पडद्यावर प्रमाण लिहिलेली पट्टी कधी यायची, क्लोजअप कुठून घ्यायचा हे ठरवताना सगळे कॅमेऱ्याचा विचार करतात. उकडीला कॅमेऱ्यासाठी थांबता येत नाही, हे मात्र कोणी लिहून ठेवत नाही.

आमच्याकडे मामी रांधते आणि मी लिहिते, शूट करते, एडिट करते. एकदा मळण्याच्या क्लोजअपसाठी मी लेन्सवरची वाफ पुसत होते, तेव्हा मामी म्हणाली, "बाई गं, माझे हात भाजतायत ते चालेल, पण ही उकड गार झाली तर तुझ्या फोकसला कळ्या पडणार नाहीत." तेव्हापासून आमच्या स्क्रिप्टची पहिली ओळ एकच असते: या पदार्थात कुठे थांबता येतं आणि कुठे नाही.

मोदकाचं बघा. सारणाला थांबता येतं. उलट ते गार व्हायलाच हवं, गरम सारण भरलं तर पारी सैल पडून फाटते. म्हणून सारणाचे शॉट सकाळी निवांत घ्यावेत, दहा वेळा दिवा हलवला तरी बिघडत नाही. वाफवण्यात एकदा झाकण घातलं की आपल्याला काही काम नसतं. पण पाण्याला उकळी आल्यापासून उकड मळून तिचा गोळा ओल्या फडक्याखाली जाईपर्यंतचा वेळ मात्र अजिबात थांबत नाही. पिठी पाण्यात पडते ती एकदाच, आणि तो सगळा प्रकार अर्ध्या मिनिटात संपतो. मळणं गरम असतानाच व्हायला हवं. तिथे 'एक मिनिट हं, पुन्हा घेऊया' म्हटलंत की उकड कोरडी पडते, पारीच्या कडांना चिरा जातात आणि कळी चिमटली की तुटते. व्हिडिओत अशा चिरा दिसल्या की समजावं, बाईंचा हात चांगला आहे, कॅमेऱ्यानं वेळ खाल्लाय.

यावर उपाय अगदी घरगुती आहे. दोन वाट्या पिठीची एक उकड काढायची नाही, एकेका वाटीच्या दोन काढायच्या. पहिली वाइड शॉटसाठी: पातेलं, हात, मामी, सगळं एका चौकटीत, न थांबता. दुसरी फक्त क्लोजअपसाठी, कॅमेरा आधीच जागेवर लावून. एडिटमध्ये दोन्ही एकमेकांत बेमालूम बसतात, कारण प्रमाण तेच, पातेलं तेच, कलथा तोच. बांगड्या तेवढ्या बदलू नका. शिवाय लहान उकड पटकन मळून होते, त्यामुळे स्वयंपाकाच्या दृष्टीनंही ते बरंच आहे.

आता स्क्रिप्टचा कागद. मी चार रकाने करते: चित्र, आवाज, पट्टी आणि खूण. शेवटचा रकाना माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कोणाकडे नसतो. उकडीचा तुकडा असा:

चित्र: वरून क्लोजअप, उकळतं पाणी, हात येतो, पिठी पडते.
आवाज: "गॅस बारीक करायचा आणि पिठी एकदम घालायची."
पट्टी: तांदळाची पिठी १ वाटी
खूण: पाण्याला खळखळून उकळी, नुसते तळाचे बुडबुडे नकोत.

चित्र: बाजूनं क्लोजअप, कलथ्यानं ढवळणं, मग झाकण.
आवाज: "कोरडी पिठी दिसेनाशी झाली की झाकण ठेवा. दोन मिनिटं बारीक गॅसवर, मग गॅस बंद करून पाच मिनिटं तशीच."
पट्टी: झाकून २ मिनिटं + गॅस बंद करून ५ मिनिटं
खूण: झाकण काढल्यावर पिठी एकसारखी ओलसर, पांढरी भुकटी कुठेच नाही.

पडद्यावर या सात मिनिटांचे सहा सेकंद होतात. होऊ देत. फक्त त्या सहा सेकंदांत खरी वेळ पट्टीवर लिहिलेली हवी, नाहीतर बघणाऱ्याला वाटतं झाकण ठेवलं आणि लगेच काढलं. वाफवण्याचंही तेच. '१२ मिनिटं वाफवा' एवढंच लिहून भागत नाही. बारा मिनिटं कधीपासून मोजायची? मोदकपात्रातलं पाणी आधीच उकळत असेल, मोदक आत गेले, झाकण बसलं, तिथून. थंड पाण्यावर ठेवून घड्याळ लावलंत तर मोदक कच्चे राहतात. म्हणून आमची पट्टी असते: 'उकळत्या पाण्यावर १० ते १२ मिनिटं'. आणि तिच्या मागोमाग खूण दाखवणारा क्लोजअप: पारी तुकतुकीत दिसते, पाण्यात बुडवलेलं बोट लावलं तर चिकटत नाही.

पट्ट्यांबद्दल माझा दुसरा राग. सुरुवातीलाच बारा जिन्नसांची यादी झरझर सरकवायची आणि पुढे एकाही जिन्नसाचं प्रमाण दाखवायचं नाही, ही काय रीत? ती यादी कोणी वाचत नाही, ती व्हिडिओखालच्या मजकुरात लिहा. पडद्यावर प्रमाण तेव्हाच हवं जेव्हा तो जिन्नस हातात आहे. पट्टी जिन्नस पडण्याच्या साधारण सेकंदभर आधी यावी आणि पडल्यावरही रेंगाळावी. माझी कसोटी सोपी आहे: पट्टी मनातल्या मनात दोनदा वाचून व्हायला हवी. एका वेळी एकच जिन्नस, फार तर दोन. नारळ आणि गूळ एकत्र चालतात, कारण तिथे सांगायचं आहे ते त्यांचं प्रमाण: खवलेला नारळ २ वाट्या, चिरलेला गूळ १ वाटी. वेलदोडा आणि खसखस यांना नंतर वेगळी पट्टी.

आणि वाटी म्हणजे कुठली वाटी? हे एकदाच, सारणाच्याही आधी, एका शॉटमध्ये दाखवून टाका. आमची वाटी १५० मिलीची आहे. मापाच्या भांड्यातून तिच्यात पाणी ओतताना चार सेकंद दाखवलं की पुढे प्रत्येक 'वाटी'ला अर्थ येतो. बाहेरदेशी राहणारी नणंद तिकडच्या कपानं मोजणार असते, तिचीही सोय होते. मोदकात सगळ्यात नाजूक प्रमाण पिठी आणि पाण्याचं. आम्ही एकास एक घेतो, पण जुन्या तांदळाची पिठी पाणी जास्त पिते, म्हणून आवाजात एक वाक्य असतंच: "कोरडी वाटली तर मळताना पाण्याचा हात घ्या." पट्टीवर ते लिहू नका. पट्टी प्रमाणासाठी असते, शेरे बोलून सांगावेत.

मराठी पट्टीचा एक तांत्रिक त्रासही सांगते. एडिटिंगच्या काही सॉफ्टवेअरमध्ये 'पिठी'ची पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं मोडतात. प्रीमिअर प्रो वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये ग्राफिक्स विभागात टेक्स्ट इंजिन `South Asian and Middle Eastern` निवडा, मग अक्षर सरळ येतं. ओळींमध्ये अंतर जरा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत घुसतात. बारीक रेघेचा फाँट पांढऱ्या उकडीवर दिसतच नाही, 'मुक्ता' किंवा 'बालू'सारखा ठसठशीत घ्यावा. उभ्या व्हिडिओत तळाचा भाग आणि उजवी कड मोकळी सोडा, तिथे अॅपची बटणं आणि नाव येतं. कितीतरी लोकांचा गूळ त्या बटणांखाली गडप झालेला मी पाहिलाय.

आता क्लोजअप. सगळंच जवळून दाखवायचा मोह होतो, पण मोदकात जवळून बघण्याजोग्या जागा मोजक्याच आहेत: सारण कडा सोडतं तो क्षण, पिठी पाण्यात पडते तो क्षण, पारीची कड आणि कळ्या. यातल्या कळ्यांचं नशीब चांगलं, कारण त्या पुन्हा पुन्हा होतात. एका वाटीच्या उकडीचे आठ-दहा मोदक, म्हणजे तेवढ्या संधी. पहिले दोन हात बसेपर्यंत सोडून द्यायचे, नंतरचा एक बाजूनं, एक वरून, आणि निदान एक अखंड, कट न मारता. हा अखंड मोदक मी कधीच एडिटमध्ये छाटत नाही. मिनिट-सव्वा मिनिट लागतं, लोक कंटाळतील असं वाटतं, पण मोदक शिकायला आलेला माणूस त्यासाठीच आलेला असतो. बाकीचा व्हिडिओ खुशाल आटपा.

कळ्यांसाठी कॅमेरा समोर नको. समोरून घेतलं की हात उलटे दिसतात आणि बघणारा डाव्या-उजव्याच्या गोंधळात पडतो. करणाऱ्याच्या खांद्यावरून, तिच्या नजरेच्या कोनात घ्या. अंगठा पारीच्या आत, तर्जनी आणि मधलं बोट बाहेर, आणि चिमटा तळाकडून कडेकडे कसा ओढला जातो, हे तिथूनच दिसतं. पारी मध्यभागी जाडसर आणि कडेला पातळ हवी, हे बोलून कळत नाही. त्यासाठी पारी उजेडासमोर धरलेला तीन सेकंदांचा शॉट स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवा. आयत्या वेळी सुचत नाही.

पांढऱ्यावर पांढरं ही मोदकाची आणखी एक अडचण. फोन आपोआप उजेड ठरवतो आणि पारीच्या कळ्या पांढऱ्या भगभगीत होऊन एकमेकींत मिसळतात. स्क्रीनवर पारीवर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, मग उजेड जरा खाली ओढा. खाली हळदीचं किंवा केळीचं पान ठेवा, स्टीलच्या ताटात छताचा दिवा चमकतो. खिडकी बाजूला असली की कळ्यांना सावली पडते आणि त्या मोजता येतात. वाफ दिसायला मात्र उजेड मागून आणि पाठीमागचा भाग काळोखा हवा. झाकण उघडण्याचा शॉट त्यासाठी वेगळा लावावा लागतो, आणि फोन वाफेच्या वर नाही, बाजूला धरावा लागतो.

आवाज मी नंतर देते. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणून प्रत्येक शॉटचं वाक्य घड्याळ लावून मोठ्यानं वाचून बघते. उकडीच्या चार सेकंदांच्या शॉटला पंधरा शब्दांचं वाक्य लिहिलं असेल तर वाक्य कापायचं, शॉट ताणायचा नाही. शूटिंगच्या वेळी पंखा आणि चिमणी बंद, कारण खळखळ उकळीचा आवाज ही पट्टीपेक्षा चांगली खूण आहे.

शेवटचा शॉट म्हणजे मोदक फोडून वर तूप. तो मोदक पात्रातून काढून फार तर पाच मिनिटांत घ्यावा, गार झाला की सारण घट्ट दिसतं आणि पारीची तुकतुकी जाते. व्हिडिओच्या अगदी सुरुवातीलाही हाच शॉट तीन सेकंद लागतो, म्हणून दोन मोदक त्यासाठी राखून ठेवा. आणि हे सगळं चतुर्थीच्या आठवडाभर आधी करा. फोडलेले, चाखलेले, दिव्याखाली तासभर मिरवलेले मोदक नैवेद्याला चालणार नाहीत. नैवेद्याच्या एकवीस मोदकांच्या दिवशी स्वयंपाकघरात कॅमेरा दिसला तर खैर नाही, असं मामीनं आत्ताच बजावलंय.