‘पितृसत्ता उरलीय कुठे?’

“कायद्यानं मुलीला वाटा दिला, मुली शिकल्या, कमवायला लागल्या. घरात तर आईचंच चालतं. मग पितृसत्ता उरलीय कुठे?”

वाट्यापासूनच सुरुवात करू. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला. वडील गेले की तलाठ्याकडे वारसनोंद होते, फेरफार होतो, सातबाऱ्यावर भावांसोबत बहिणींची नावं चढतात. इथवर सगळं ठीक. मग एक दिवस भाऊ गाडी करून बहिणींना तालुक्याला नेतो आणि दुय्यम निबंधकापुढे हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या होतात. ‘राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय’ हे त्यात लिहिलेलं असतंच. पुष्कळदा दबाव खरंच कोणी टाकलेला नसतो, भाऊही स्वभावानं चांगला असतो. पण सही केली नाही तर माहेर तुटेल, दिवाळीला कोणी बोलावणार नाही, हे तिला न सांगता कळतं. बहिणीसाठी आपला हिस्सा सोडणारे भाऊ तुमच्या नात्यात किती, ते एकदा आठवून बघा.

पितृसत्ता म्हणजे हेच. त्यासाठी कोणी दुष्ट असावं लागत नाही. वारस मुलगा, मुलगी परक्या घरची, हे भावानं धरून चाललेलं असतं आणि बहिणीनंही.

कमाईचं बोलायचं तर ऊसतोड बघा. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजतात. ऊस दोघं तोडतात, मोळ्या बांधून गाडीपर्यंत डोक्यावरून नेणं बहुतेक तिच्याकडे. मुकादमाकडून उचल घेतो नवरा, हिशेबही त्याच्याशीच. तिची मजुरी वेगळी अशी मोजलीच जात नाही. पहाटे उठून केलेल्या भाकरी तर कोणत्याच हिशेबात नाहीत.

आईचं चालतं, हे खरं. भाजी कोणती, आहेर किती, सुनेनं माहेरी कधी जायचं, इथे तिचा शब्द चालतो. जमीन विकताना किंवा कर्ज काढताना तिला विचारतात का? आणि सासूचा तो दरारा मुलाची आई म्हणून असतो. मुलगा नसलेल्या विधवेचं दिरांच्या घरात किती चालतं, तेही बघावं.

राहिली शाळा. मुलाला वर्गात ताप भरला की फोन आईला जातो, प्रवेश अर्जावर वडिलांचा नंबर आधी असला तरी. बाईंच्या मनात काही वावगं नसतं. बाबा कामात असतील, एवढंच. आई अर्धी रजा टाकून धावते. असं चार-पाचदा झालं की बढतीच्या वेळी साहेब म्हणतात, “काम चांगलं आहे हो, पण त्यांच्या घरच्या अडचणी फार.” बाबांच्या ऑफिसात मात्र त्यांना घरची अडचण असते हे कुणाला माहीतही नसतं.