क्रँकचा ०.४२ चा आकडा आणि फिटरची दुसरी खूण

"क्रँक बारची लांबी काढायची सगळ्यात सोपी ट्रिक! स्लॅबची जाडी × ०.४२, हीच तिरप्या तुकड्याची लांबी. कोन ३० असो, ४५ असो की ६०, आकडा हाच. कव्हर वजा करत बसू नका, थोडं जास्त आलं तर स्लॅब मजबूतच होतो. ६० ला वाकवलं तर तिरपा तुकडा आखूड पडतो आणि लोखंड वाचतं. प्रत्येक वाकाला २d वजा करायला विसरू नका. साइटवरच्या सगळ्यांना पाठवा."

हा मेसेज मला माझ्या भाच्यानं पाठवला. तो नुकताच साइटवर रुजू झालाय. खाली त्यानं लिहिलं होतं, "मामा, बरोबर आहे ना? उद्या क्रँक वाकवायला घेतोय." त्यानं निदान विचारलं तरी. हाच मेसेज वाचून ज्यांनी कुणाला न विचारता फिटरला खुणा करून दिल्या असतील, त्यांच्या स्लॅबची मला खरी काळजी वाटते. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात घातक आहे ते पहिलंच वाक्य. ०.४२ ही तिरप्या तुकड्याची लांबी नाही. सळई क्रँक केली, म्हणजे सरळ न नेता आधाराजवळ तिरपी वर चढवली, म्हणून जी जादा लांबी लागते, तेवढीच ती आहे. तिरपा तुकडा ही वेगळी गोष्ट आहे आणि तो याच्या तिपटीहून मोठा असतो.

एक खरा स्लॅब घेऊ. जाडी १५० मिमी, वर आणि खाली २० मिमी कव्हर, मुख्य सळई १० मिमीची. खालच्या सळईचा मध्य तळापासून २५ मिमीवर येतो आणि वरच्या भागाचा मध्य माथ्यापासून २५ मिमी खाली. म्हणजे क्रँकला मध्यापासून मध्यापर्यंत १०० मिमी चढायचं आहे. १५० मधून दोन्ही कव्हर आणि एक व्यास वजा केला की हाच आकडा मिळतो. क्रँकच्या हिशोबात D म्हणतात ते या उंचीला, आणि θ म्हणजे क्रँकचा कोन. जाडीलाही नाही आणि डिझाइनमधल्या इफेक्टिव्ह डेप्थलाही नाही.

```
तिरपा तुकडा = D ÷ sin θ
आडवं अंतर = D ÷ tan θ
जादा लांबी = तिरपा तुकडा − आडवं अंतर
```

४५ अंशाला तिरपा तुकडा १४१ मिमी, आडवं अंतर १०० मिमी, जादा लांबी ४१ मिमी. ०.४२ आला तो इथून: मूळ गुणक ०.४१४ आहे, तो साइटच्या सोयीसाठी वर ओढून ०.४२ केलेला. सळई टोकापासून टोकापर्यंत सरळ मोजून ३६०० मिमी असेल आणि तिला दोन क्रँक असतील, तर कटिंग लेंथ ३६०० अधिक दोनदा ४१, म्हणजे ३६८२ मिमी. दोन्ही टोकांना वरचा सरळ भाग ९०० मिमीचा धरला, तर फिटरच्या खुणा एका टोकापासून ९००, १०४१, २६४१ आणि २७८२ मिमीवर येतात. मधला सरळ भाग १६०० उरतो. बेरीज करून बघा, ३६८२ जमते.

आता मेसेजप्रमाणे करू. १५० गुणिले ०.४२ म्हणजे ६३. फिटरनं पहिली खूण ९०० वर केली आणि दुसरी ९६३ वर. ६३ मिमीचा तुकडा ४५ अंशात वाकवला तर तो चढतो फक्त ४५ मिमी. सळईचा मध्य तळापासून ७० मिमीवर येतो, म्हणजे १५० च्या स्लॅबमध्ये मध्यरेषेच्याही खाली. टॉप बार म्हणून जी सळई आपण मोजली, बिलात धरली आणि तारेनं बांधली, ती टॉपला नाहीच.

आधारावर स्लॅबचा वरचा भाग ताणला जातो, आणि तो ताण घेण्यासाठीच तर क्रँक वर न्यायचा असतो. तिथली इफेक्टिव्ह डेप्थ तळाच्या पृष्ठभागापासून वरच्या सळईच्या मध्यापर्यंत मोजतात. ती १२५ हवी होती, मिळाली ७०. तेवढ्याच लोखंडात आधारावरची मोमेंट पेलायची ताकद जवळजवळ निम्म्यावर आली. आयएस ४५६:२००० च्या कलम १२.३.१ मध्ये २०० मिमीपर्यंतच्या इफेक्टिव्ह डेप्थसाठी सळई बसवण्यातली सवलत अधिक-उणे १० मिमी दिली आहे. इथे चूक ५५ मिमीची आहे. यावर वाद घालण्यासारखं काहीही उरत नाही. असा स्लॅब बहुधा लगेच पडत नाही, पण बीमच्या माथ्यावर बीमला समांतर भेगा येतात, आणि मग दोष काँक्रीटला किंवा क्युरिंगला दिला जातो.

यावर साइटवरच्या काहींकडून मला उत्तर मिळालं, "आम्ही ०.४२ फक्त कटिंग लेंथमध्ये धरतो, खुणा फिटर त्याच्या अनुभवानं करतो." तसं असेल तर बरंच वाचलं. पण मेसेजमध्ये "तिरप्या तुकड्याची लांबी" असे शब्द आहेत, आणि नवीन मुलगा तेच वाचून फिटरला आकडा देणार.

आता कव्हर. इथे अर्धं खरं आहे ते मान्य करतो. केवळ कटिंग लेंथपुरतं बघितलं तर १०० ऐवजी १५० धरल्यानं प्रत्येक क्रँकला २१ मिमी जास्त येतात, सळईमागे ४२. शंभर सळयांमागे ४.२ मीटर, आणि १० मिमीची सळई मीटरला ०.६१७ किलो भरते, म्हणजे अडीच किलोच्या थोडं वर. त्यानं कुणाचं दिवाळं निघत नाही.

पण कव्हर सोडून पूर्ण जाडीच उंची म्हणून धरली आणि तिरपा तुकडा बरोबर सूत्रानं काढला, तर काय होतं ते बघा. १५० भागिले sin ४५ म्हणजे २१२ मिमी. असा क्रँक १५० मिमी चढतो. सळईचा मध्य तळापासून १७५ वर जातो, म्हणजे स्लॅबच्या माथ्याच्याही २५ मिमी बाहेर. मग काँक्रीटच्या दिवशी कुणीतरी ती सळई पायानं दाबतं. कव्हर ब्लॉक फुटतात आणि तळाची सळई शटरिंगला टेकते, नाहीतर अख्खा क्रँक आडवा लोळतो. याला मजबुती म्हणणं मला मान्य नाही. त्याच कोडमध्ये कलम १२.३.२ कव्हरला १० मिमीपर्यंत जास्त चालवून घेतं, कमी मात्र एक मिमीही नाही.

कोनाचा मुद्दा सूत्र एकदा वापरून बघितलं की निकालात निघतो. त्याच १०० मिमी उंचीला ३० अंशाला तिरपा तुकडा २०० मिमी आणि आडवं अंतर १७३, म्हणजे जादा २७. ४५ ला ४१. ६० ला तिरपा तुकडा ११५, आडवं अंतर ५८, जादा ५८ च्या आसपास. म्हणून गुणक अनुक्रमे ०.२७, ०.४२ आणि ०.५८. तिन्हींना एकच आकडा लावता येत नाही.

६० ला तिरपा तुकडा आखूड पडतो हे खरं आहे, पण लोखंड वाचत नाही, उलट जास्त लागतं. सळईची दोन्ही टोकं जागेवरच राहतात. तिरपा तुकडा आखूड झाला की त्यानं व्यापलेलं आडवं अंतर त्याहून जास्त घटतं आणि ती तूट सरळ भागाला भरून काढावी लागते. कोन ९० केला, तर पूर्ण उंचीच जादा लागेल. लोखंड वाचवायचं म्हणून कोन खडा करणाऱ्यानं हे नीट समजून घ्यावं. ड्रॉइंगवर जो कोन आहे तोच धरायचा. स्लॅबला बहुतेक वेळा ४५ असतो, पातळ स्लॅबला कधी ३०.

राहिला २d, म्हणजे सळईच्या व्यासाची दुप्पट. तो ठोकताळा ९० अंशाच्या वाकाचा आहे. ४५ ला साइटवर १d धरतात. पण वर आपण सगळी मापं सळईच्या मध्यरेषेवर घेतली आहेत. वाकाची आतली त्रिज्या २d धरली तर मध्यरेषेवर ४५ अंशाच्या एका वाकात कोपरा गोल झाल्यानं वाचणारी लांबी व्यासाच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी आहे, १० मिमीच्या सळईला सुमारे १ मिमी. चार वाकांना मिळून ४ मिमी. ते सोडून दिलं तरी चालतं. मेसेजप्रमाणे चार वाकांचे २d वजा केले तर ८० मिमी गेले.

आणि यातूनच एक फसवी गोष्ट घडते. मेसेजच्या पद्धतीनं कटिंग लेंथ येते ३६०० अधिक १२६ उणे ८०, म्हणजे ३६४६. खऱ्या आकड्यापेक्षा ३६ मिमी कमी, दोन टोकांत वाटले तर १८-१८. एक चूक दुसरीनं झाकली जाते, सळई पसरल्यावर "बरोबर बसली" असं दिसतं, आणि उंचीची चूक कुणी बघतच नाही. भाच्याला मी हेच सांगितलं: लांबी जमली म्हणून क्रँक बरोबर आला असं धरू नकोस, क्रँकची उंची मोज.

ती मोजायला सूत्रही लागत नाही. पहिली सळई वाकवून झाली की सपाट फळीवर आडवी ठेवायची आणि खालच्या सरळ भागाच्या बाहेरच्या कडेपासून वरच्या सरळ भागाच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावायचा. जाडीतून फक्त दोन कव्हर वजा करून येणारा आकडा मिळायला हवा, आपल्या स्लॅबला ११०. मेसेजच्या पद्धतीनं तिथे ५५ च्या आसपास दिसेल. पहिली सळई पास झाल्याशिवाय बाकीच्या टेबलावर घ्यायच्या नाहीत. बांधणी झाल्यावर, काँक्रीटच्या आधी, शटरिंगवरच्या लेव्हलच्या खुणांमधून दोरी ताणून टॉप बारच्या माथ्यापर्यंत २० मिमी उरतात का ते बघायचं, आणि टॉप बारखाली चेअर द्यायच्या, कारण बरोबर वाकवलेला क्रँकही माणसं त्यावरून चालली की बसतो.

टू-वे स्लॅबला मात्र ११० चं माप दोन्ही दिशांना लावू नका. दुसऱ्या दिशेची सळई तळाला पहिलीच्या वर बसते आणि माथ्याला तिच्या खाली. १० मिमीच्याच सळया असतील तर त्या दिशेला दोन्हीकडचा एकेक व्यास आणखी कमी होतो. चढण ८० मिमी उरते, तिरपा तुकडा ११३, जादा लांबी ३३, आणि फळीवर बाहेरून बाहेर ९० भरायला हवं.