अ‍ॅप स्टोअरवरून गेलं म्हणून फोनमधून काढू नका

«अ‍ॅप प्ले स्टोअरवरून काढलं गेलं की लगेच फोनमधूनही डिलीट करा, नाहीतर पैसे कापत राहतील. भरलेले पैसे गुगल आपोआप परत करतं. डेटा आपल्या नंबरवर सेव्ह असतो, नवीन फोनमध्ये नंबर टाकला की सगळं परत येतं.»

देवगडकडच्या बागायतदारांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरला आणि माझ्या मामाने तो पाळला. हिशोबाचं एक अ‍ॅप तो वापरायचा. तीन हंगामांच्या पेट्या, वाशीच्या दलालाच्या विक्रीच्या पट्ट्या, राखणदारांना दिलेली उचल, सगळं त्यात. मी फोन केला तेव्हा म्हणाला, «मेसेज इलो, म्हणान काढून टाकलंय.» म्हणून डेटापासूनच सुरुवात करतो.

स्टोअरवरून अ‍ॅप जाणं आणि सेवा बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्च 2024 मध्ये शुल्काच्या वादातून गुगलने काही भारतीय कंपन्यांची अ‍ॅप स्टोअरवरून काढली होती. काही दिवसांत ती परतही आली. मधल्या काळात ज्यांच्या फोनमध्ये ती होती त्यांची चालूच होती, फक्त नव्याने कुणाला घेता येत नव्हती. म्हणजे तुमच्या फोनमधलं अ‍ॅप हाच तुमच्या हिशोबाकडे जायचा उरलेला दरवाजा असू शकतो. अँड्रॉइडवर अ‍ॅप काढलं की त्याने स्वतःच्या खासगी जागेत ठेवलेला डेटाही त्याच क्षणी पुसला जातो. गुगलचा बॅकअप चालू असला तरी त्यात एका अ‍ॅपचा 25 एमबीपर्यंतच डेटा जातो, आणि तो परत येतो अ‍ॅप पुन्हा इन्स्टॉल केल्यावर. स्टोअरवर अ‍ॅपच नसेल तर तो यायचा कुठे?

आणि नंबरचं म्हणाल, तर नंबर म्हणजे फक्त किल्ली. पेटारा कंपनीच्या सर्व्हरवर असतो. सर्व्हर बंद, की किल्ली हातात असून उपयोग नाही.

आपला डेटा कुठे आहे हे दोन मिनिटांत कळतं. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फायही बंद ठेवा, अ‍ॅप उघडा आणि दोन-तीन वर्षांपूर्वीची एखादी नोंद शोधा. कालची नको, ती तात्पुरती साठवलेली असू शकते. जुनी पट्टी उघडली तर बहुधा डेटा फोनमध्ये आहे. नाही उघडली तर तो सर्व्हरवर आहे आणि सेवा बंद व्हायच्या तारखेआधीच उतरवून घ्यायला हवा. दोन्ही वेळी काम एकच: अ‍ॅपमधला रिपोर्ट किंवा एक्सपोर्ट. पीडीएफ वाचायला बरी, पण एक्सेल किंवा सीएसव्ही मिळत असेल तर तीही घ्या, बेरजा पुढे चालवता येतात. फाइल आली की उघडून पहिली आणि शेवटची नोंद तपासा. बऱ्याचदा रिपोर्ट फक्त चालू महिन्याचा निघतो, तारीख मागे न्यावी लागते. पावत्यांचे फोटो त्यात येत नसतील तर वेगळे उतरवा. ग्रुपवर कुणी त्या अ‍ॅपची एपीके, म्हणजे स्टोअरशिवाय थेट टाकायची फाइल, पाठवली तर ती टाकू नका. पुसलेला डेटा तिने परत येत नाही, आणि आत काय भरलंय ते कळत नाही.

आता पैसे. अ‍ॅप फोनमधून काढल्याने वर्गणी थांबत नाही. गुगलमार्फत भरली असेल तर ईमेलवरच्या पावतीत `GPA.` ने सुरू होणारा ऑर्डर नंबर असतो. तशी वर्गणी प्ले स्टोअरमध्ये `Payments & subscriptions` इथे दिसते. अ‍ॅप स्टोअरवरून गेल्यावर गुगल पुढची वसुली थांबवतं, मागचे पैसे मात्र परत देत नाही, हा त्यांचाच नियम आहे. कंपनीला थेट यूपीआयने दिले असतील तर गुगलचा संबंधच नाही. तो ऑटोपे आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन रद्द करावा लागतो. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते, ती दुर्लक्षू नका.

समजा 10 जानेवारीला वर्षाचे 1,200 रुपये भरले आणि 10 मेला सेवा बंद झाली. चार महिने वापरले, आठ उरले, म्हणजे 800 रुपये मागायचे. मागायचे कंपनीकडे, ईमेलने, पावती आणि बंदची सूचना जोडून. उत्तर नाही आलं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही नाही झालं तर 2019 च्या ग्राहक कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा करता येतो, दोन वर्षांच्या आत, आणि एवढ्या रकमेला फी नाही. कंपनी बंगळुरूची असली तरी सिंधुदुर्गातल्या माणसाला तिकडे जावं लागत नाही. कंपनीच बुडाली असेल तर मात्र आदेश मिळूनही वसुली कठीण.

मामाचे उरलेले पैसे कदाचित मिळतील. पट्ट्यांच्या कागदी प्रती दलालाकडे आहेत, त्या मागवल्यात. राखणदारांच्या उचलीचा हिशोब मात्र फक्त त्या अ‍ॅपमध्ये होता. आता तो एकेकाशी बसून, आठवून, वहीत लिहितोय.