गूळ काळा आहे, म्हणून तो सेंद्रिय?

गूळ विकणाऱ्यांकडून हे नेहमी ऐकू येतं: "सेंद्रिय, नैसर्गिक, पर्यावरणपूरक हे जाहिरातीचे शब्द आहेत, सगळेच लिहितात. आपला गूळ केमिकलशिवाय केलेला आहे, म्हणजे तो ऑरगॅनिकच झाला. छोट्या विक्रेत्याला सर्टिफिकेट लागत नाही."

यातलं "केमिकलशिवाय" आधी बघू. गुऱ्हाळात रसाची मळी काढायला हायड्रॉस या रसायनाऐवजी रानभेंडीचा चिकट रस वापरला, तर गूळ तांबूस-काळपट निघतो. ही चांगलीच गोष्ट, पण ती झाली कढईतली. सेंद्रियपण ठरतं शेतात. उसाला युरिया टाकला असेल तर भेंडी घालून तो सेंद्रिय होत नाही. रासायनिक शेती सोडल्यावरही प्रमाणपत्रासाठी साधारण दोन-तीन वर्षांचा रूपांतरकाळ जावा लागतो. शिवाय नुसता रस जास्त तापला तरी गूळ काळा पडतो, त्यामुळे रंग हा पुरावाच नाही.

"सर्टिफिकेट लागत नाही" हे अर्धंच खरं. एफएसएसएआयच्या 2017 च्या नियमांत सूट आहे ती स्वतः पिकवून थेट खाणाऱ्याला विकणाऱ्या शेतकऱ्याला किंवा त्यांच्या गटाला, आणि त्यांनाही 'जैविक भारत' हे चिन्ह लावता येत नाही. तुम्ही गुऱ्हाळातून माल उचलून स्वतःच्या नावाने लिस्टिंग टाकत असाल, तर ती सूट आपलीच समजू नका. एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी सेंद्रिय योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र मागा आणि नीट वाचा. एका गुऱ्हाळवाल्याने मला प्रमाणपत्र दाखवलं होतं, त्यावर फक्त ऊस होता, तोही दुसऱ्याच्या शेतातला. गुऱ्हाळाचं नाव कुठेच नाही, आणि त्याच कढईत गावभरचा ऊस उकळत होता. असा गूळ सेंद्रिय म्हणून विकता येत नाही.

'नैसर्गिक' हा शब्दही मोकळा नाही. 2018 च्या जाहिरात व दाव्यांच्या नियमांनुसार तो एकाच पदार्थाला, त्यात बाहेरचं काही घातलेलं नसेल तरच लावता येतो. सुंठ-वेलची घातलेली वडी 'नैसर्गिक' नाही. प्रत्येक घटक त्या कसोटीला उतरला, तर 'नैसर्गिक घटकांपासून बनवलेली' एवढंच लिहिता येतं.

राहिलं 'पर्यावरणपूरक'. बाहेर कागदी खोका आणि आत प्लॅस्टिकची पिशवी असेल, तर 'बाहेरचा खोका कागदी' एवढंच लिहा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ऑक्टोबर 2024 ची मार्गदर्शक तत्त्वं हेच मागतात: दावा नेमक्या कशाबद्दल आहे, मालाबद्दल की वेष्टनाबद्दल, ते सांगा आणि आधार दाखवा.

माझ्या लिस्टिंगमध्ये आता एवढंच आहे: 'हायड्रॉस न वापरता, भेंडीच्या रसाने मळी काढलेला गूळ. ऊस सेंद्रिय प्रमाणित नाही.' दुसरं वाक्य टाकताना हात जड झाला होता. नंतर गिऱ्हाइकं विचारू लागली, "मग भेंडी नक्की कुठली घालता?"